शेअर घेतले, पण खात्यात कधी आले? डिमॅट खाते, कागदपत्रे आणि सेटलमेंट

मोबाइलवर ‘ऑर्डर पूर्ण’ असं हिरव्या अक्षरांत दिसलं की शेअर आपले झाले, असं बहुतेकांना वाटतं. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. त्या क्षणी झालेला असतो तो फक्त सौदा. मालकी हातात येते दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, आणि तिची नोंद ब्रोकरच्या ॲपमध्ये नव्हे, डिपॉझिटरीकडे, म्हणजे शेअरच्या मालकीचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेकडे होते. हा फरक कळला की खाते उघडताना कोणता कागद का मागतात, हेही कळतं.

शेअर नेमके कुठे असतात?

भारतात दोन डिपॉझिटरी आहेत: एनएसडीएल, 1996 पासून, आणि सीडीएसएल, 1999 पासून. दोन्ही 1996 च्या डिपॉझिटरी कायद्याखाली चालतात. आपण थेट त्यांच्याकडे जात नाही. मध्ये ‘डीपी’, म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंट असतो. बरेचदा ब्रोकर स्वतःच डीपी असतो, म्हणून दोन्ही कामं एकच वाटतात. पण खाती वेगळी आहेत. ट्रेडिंग खात्यातून आपण बाजारात ऑर्डर देतो, डिमॅट खात्यात शेअर राहतात आणि पैसे बँक खात्यातून येतात-जातात.

कंपनीच्या सभासद नोंदवहीत नाव डिपॉझिटरीचं असतं. कायद्याच्या भाषेत ती ‘नोंदणीकृत मालक’. आपण ‘लाभधारक मालक’. लाभांश, बोनस, मतदानाचा हक्क हे सगळं आपलंच. म्हणूनच ब्रोकर बंद पडला म्हणून डिमॅटमधले शेअर त्याच्याबरोबर बुडत नाहीत. ट्रेडिंग खात्यात पडून राहिलेले पैसे मात्र ब्रोकरच्या हिशेबात असतात. ते विनाकारण तिथे ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाते कोण उघडू शकतो, काय लागतं?

18 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही खाते उघडता येतं. संयुक्त खात्यात तिघांपर्यंत नावं चालतात. अल्पवयीनाच्या नावे पालक डिमॅट उघडू शकतात, पण त्यातून बाजारात रोजची खरेदी करता येत नाही. अनिवासी भारतीयांची प्रक्रिया वेगळी आहे, तिच्यात इथे शिरत नाही.

कागदपत्रं थोडीच लागतात: पॅन (आधारशी जोडलेलं), पत्त्याचा पुरावा म्हणून बहुतेकदा आधार, नाव छापलेला रद्द केलेला चेक किंवा बँकेचं स्टेटमेंट, फोटो आणि सही. उत्पन्नाचा पुरावा साधारणपणे फ्युचर्स-ऑप्शन्ससाठी मागतात. नुसते शेअर घ्यायला-विकायला त्याची गरज पडत नाही. ऑनलाइन अर्जात ओळख पटवायला कॅमेऱ्यासमोर यावं लागतं. नॉमिनीचं नाव द्यायचं, नको असेल तर तसं स्पष्ट नोंदवायचं.

अर्ज अडकतो तो बहुधा नावावर. पॅनवर लग्नाआधीचं आडनाव, बँकेत नंतरचं. किंवा एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. पैसे फक्त खातेदाराच्याच बँक खात्यातून यावेत असा नियम असल्यामुळे ही तपासणी कडक असते. आधी सगळीकडे एकच नाव करून घ्या, मगच अर्ज भरा.

खाते उघडल्यावर 16 अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो `IN` ने सुरू होत असेल (म्हणजे `IN` आणि 14 अंक) तर खाते एनएसडीएलचं, सगळे अंकच असतील तर सीडीएसएलचं. कुठलंही स्टेटमेंट कुठे शोधायचं, हे यावरूनच ठरतं.

सौद्यानंतर काय घडतं?

एक उदाहरण घेऊ. एका कंपनीच्या लाभांशाची रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी शेअर ज्याच्या खात्यात त्याला लाभांश, ती गुरुवार आहे. एका गुंतवणूकदार बाईंनी बुधवारी 420 रुपये भावाने 50 शेअर घेतले. किंमत 21,000 रुपये, त्यावर 0.1 टक्का एसटीटी हा व्यवहार कर म्हणजे 21 रुपये, शिवाय मुद्रांक शुल्क आणि ब्रोकरेज.

बाजार बंद झाल्यावर क्लिअरिंग कॉर्पोरेशन दिवसभराच्या सौद्यांचा हिशेब लावतं. बाईंचा व्यवहार त्या अनोळखी विक्रेत्याशी राहत नाही. क्लिअरिंग कॉर्पोरेशन मधे उभं राहतं, विक्रेत्यासाठी खरेदीदार आणि खरेदीदारासाठी विक्रेता म्हणून. समोरच्याने शब्द मोडला तरी बाईंचं देणं-घेणं त्याच्याशी नसतं. गुरुवारी विक्रेत्यांकडून शेअर आणि खरेदीदारांकडून पैसे आत येतात, ते ‘पे-इन’. मग शेअर आणि पैसे बाहेर जातात, ते ‘पे-आउट’. 2025 पासून शेअर ब्रोकरच्या खात्यात न थांबता क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून थेट ग्राहकाच्या डिमॅटमध्ये पडतात. हेच ‘टी प्लस 1’, सौद्याचा दिवस अधिक एक. जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअरना ते लागू आहे. त्याआधी दोन दिवस लागायचे.

बाईंचे शेअर गुरुवारी खात्यात आले, म्हणून लाभांश त्यांना. त्यांनी गुरुवारी खरेदी केली असती तर शेअर शुक्रवारी आले असते आणि लाभांश विकणाऱ्याला मिळाला असता. भाव त्या दिवशी साधारणपणे लाभांशाइतका खाली उघडतो तो याचमुळे.

मध्येच बँकांना सुट्टी असली तर कधी बाजार चालू असतो पण सेटलमेंट, म्हणजे शेअर आणि पैशांची ही देवाणघेवाण, होत नाही. अशा वेळी दोन दिवसांचे सौदे एकत्र येऊन पडतात. शेअर आले नाहीत म्हणून घाबरण्याआधी सेटलमेंटच्या सुट्ट्यांची यादी पाहावी.

कुठे अडतं?

बुधवारी घेतलेले शेअर बाईंनी गुरुवारी सकाळी, खात्यात येण्याआधीच विकले असं समजा. ॲप विकू देतं. पण मुळात ज्याच्याकडून त्या घेणार होत्या तोच शेअर देऊ शकला नाही, तर बाईही पुढच्याला देऊ शकणार नाहीत. मग बाजार लिलाव करून शेअर मिळवतो आणि चढ्या भावाचा फरक बाईंच्या माथी येतो. लिलावातही शेअर मिळाले नाहीत तर रोखीत हिशेब मिटतो. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये ही जोखीम खरी आहे. तिथे पे-आउट झाल्याशिवाय विकू नये.

खात्यात असलेले शेअर विकतानाही आपली संमती लागते: दर वेळी ओटीपी किंवा टीपिन, नाहीतर एकदाच सही केलेलं डीडीपीआय पत्र. विकलेले शेअर आपल्याच खात्यात अडवून ठेवले जातात आणि पे-इनला बाहेर जातात. आणि खरेदीचे पूर्ण पैसे भरले नसतील तर शेअर खात्यात दिसतात, पण ब्रोकरकडे तारण म्हणून. पैसे न आल्यास तो ते विकू शकतो.

आले की नाही, कसं पाहायचं?

सौद्याच्या 24 तासांत काँट्रॅक्ट नोट ईमेलवर येते. तिच्यावर सेटलमेंट क्रमांक असतो. ॲपमध्ये नव्या शेअरपुढे ‘T1’ दिसत असेल तर ते अजून वाटेत आहेत. त्यानंतर डिपॉझिटरीचा एसएमएस येतो. खात्री करायची तर एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या संकेतस्थळावर स्वतः लॉगिन करा, किंवा ईमेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंट उघडा. ॲप आणि डिपॉझिटरी यांचे आकडे जुळत नसतील, तर आधी ब्रोकरला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करता येते. तिथे संबंधित संस्थेला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत काँट्रॅक्ट नोट आणि डिपॉझिटरीचं स्टेटमेंट, दोन्ही जोडा.