हेल्थ फॉसेट : निवड आणि कमोडशेजारची जागा

कमोडशेजारी भिंतीवर अडकवलेला, खटका दाबला की पाण्याचा फवारा देणारा हातात धरायचा लहान नळ म्हणजे हेल्थ फॉसेट. दुकानात आणि प्लंबरच्या तोंडी तो 'जेट' किंवा 'जेट स्प्रे' असतो. फवारा, लवचीक नळी, भिंतीवरचा हूक आणि पाणी चालू-बंद करणारा अँगल कॉक असे त्याचे चार भाग. मराठवाड्यात त्याची निवड दोन गोष्टींवर ठरते : गच्चीवरच्या टाकीतून मिळणारा कमी दाब आणि बोअरचं जड पाणी.

दाब टाकीच्या उंचीतून येतो. दर एक मीटर उंचीमागे साधारण 0.1 बार दाब मिळतो. जालन्यातलं एक मजली घर उदाहरणाला घेऊ. गच्ची जमिनीपासून 11 फूट, त्यावर 2 फुटांचा स्टँड, म्हणजे टाकीचा तळ 13 फुटांवर. फवारा 2 फुटांवर धरला तर फरक उरतो 11 फुटांचा, म्हणजे सुमारे 3.3 मीटरचा, आणि दाब 0.33 बार. टाकी भरलेली असेल तर तो थोडा वाढतो, तळाशी आली की तेवढाच राहतो. पाइप आणि वळणं त्यातलाही काही खातात. अशा घरात पाकिटावर किमान दाब 0.5 बार लिहिलेला फवारा आणला, तर धार जोर धरत नाही आणि दोष विनाकारण फवाऱ्याला लागतो. इथे कमी दाबावर चालणारा, आतला मार्ग मोकळा असलेला फवारा घ्यावा. नवीन काम असेल तर टाकीपासून खाली पाऊण इंची पाइप आणून शेवटच्या टप्प्यातच अर्धा इंची करावा. महागड्या फवाऱ्यापेक्षा याचा उपयोग जास्त. दुमजली घरात तळमजल्याला अडचण येत नाही, तक्रार नेहमी वरच्या मजल्याची असते.

बेसाल्ट खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते फवाऱ्याच्या छिद्रांत पांढरे साचतात. एक धार तिरकी उडू लागली, की ही सुरुवात झाली असं समजावं. रबरी छिद्रांचा फवारा असेल तर बोटाने चोळूनच क्षार निघतात, म्हणून या भागात तोच सोयीचा. नसेल तर फवारा काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवावा आणि स्वच्छ धुवावा. संडास धुण्याचं ॲसिड मात्र वापरू नये, मुलामा उडतो. नळीच्या दोन्ही टोकांचे नट पितळी असावेत. प्लास्टिकचे नट पिळताना तडकतात.

जागेचा विचार टाइल्स लावण्याआधी करावा लागतो, कारण पाइप भिंतीत गाडला जातो. बहुतेक माणसं डाव्या हाताने धुतात, म्हणून फवारा उजव्या हातात येतो. तेव्हा तो बसणाऱ्याच्या उजव्या भिंतीवर हवा. सर्रास होणारी चूक म्हणजे फ्लश टाकीच्या जोडणीतूनच फाटा काढून तो मागच्या भिंतीवर बसवणं. पाइप वाचतो, पण दर वेळी कंबर पिळून मागे हात न्यावा लागतो आणि गुडघे-पाठ दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना ते जमतच नाही. सीटची उंची साधारण 16 इंच असते. हूक जमिनीपासून 2 फुटांवर आणि मागच्या भिंतीपासून 22 ते 26 इंचांवर आला, की हात सहज पोचतो. आकड्यावर विसंबण्यापेक्षा कमोडच्या जागी सीटएवढ्या उंचीचं स्टूल ठेवून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बसवावं आणि हात जिथे आपसूक जातो तिथे भिंतीवर खूण करावी. अशा जागेला एक मीटरची नळी पुरते. उजवीकडे दार किंवा मोकळी जागा असेल, तर कॉक मागे ठेवून सव्वा ते दीड मीटरची नळी घ्यावी आणि हूक तेवढा पुढे आणता येतो का पाहावं.

कॉक वापरानंतर बंद करायचा असतो. नुसता खटका सोडला तर नळीवर दिवसरात्र दाब राहतो. नळी फुटली की टाकी रिकामी होते. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे नुकसान मोठं. म्हणून कॉकही बसल्या जागेवरून फिरवता येईल असा असावा. दुसरं कारण आरोग्याचं. फवारा कमोडच्या पाण्यात पडलेला असेल, कॉक आणि खटका दोन्ही उघडे राहिले असतील, अशा वेळी टाकी संपून खालच्या नळाने पाइप रिकामा होऊ लागला, तर घाण पाणी उलटं पाइपात ओढलं जाऊ शकतं. हूक सीटच्या कडेपेक्षा उंच आणि घट्ट असावा, तो यासाठीच.