आठवीतल्या पोराला 'तू पुढे कोण होणार' विचारण्याआधी

आठवीच्या वर्गात एक मुलगा होता, नाव बदलून गण्या म्हणू. स्टाफरूममध्ये त्याचा विषय निघाला की 'वाया गेलेलं कार्टं' एवढंच ऐकू यायचं. मला त्याचा मेंटर नेमलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी त्याला बसवून विचारलं, तुला पुढे काय व्हायचंय रे? तो म्हणाला, "गुंड." आणि हसला. मला वाटलं मस्ती करतोय. पण मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसनच्या भाषेत बोलायचं तर तो बऱ्यापैकी खरं उत्तर देत होता.

हा एरिकसन १९०२ साली जर्मनीत जन्मला. खरे वडील कोण हे त्याला कधीच कळलं नाही, आई आणि सावत्र वडील ज्यू, आणि हा उंच, सोनेरी केसांचा. त्यामुळे शाळेत पोरं ज्यू म्हणून चिडवायची आणि प्रार्थनास्थळी आपलेच लोक परका म्हणायचे. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने आडनावही स्वतःच ठरवलं. आता असा माणूस 'मी कोण' या प्रश्नामागे लागला तर त्यात नवल ते काय!

त्याने १९५० मध्ये माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. बीएडला आपण ते सगळे पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. सातवी-आठवीसाठी त्यातले दोनच धरून बसायचे. चौथा टप्पा साधारण सहा ते बाराचा, त्यात मूल 'मला काहीतरी जमतं' हे शिकतं, नाही जमलं तर न्यूनगंड येतो. पाचवा किशोरवयाचा, 'मी कोण' हा. आता गंमत अशी की आठवीतलं पोर नेमकं या दोघांच्या उंबरठ्यावर असतं, आणि चौथ्याचा हिशोब अडकलेला असेल तर पाचव्याचं उत्तर ते कुठून आणणार? ज्याला आतापर्यंत काहीच जमलं नाही असं सगळ्यांनी सांगितलंय, त्याच्याकडे 'मी कोण' साठी कच्चा मालच नाही.

मग तो जे आयतं मिळतंय तेच उचलतो. एरिकसन याला नकारात्मक ओळख म्हणतो. म्हणजे आपण धड कुणीच नाही असं वाटण्यापेक्षा पक्कं वाईट असणं पोराला परवडतं. गण्याला 'गुंड' ही ओळख आम्हीच वर्षभर फुकट पुरवत होतो.

मग मी भविष्याचा विषयच सोडला. त्याच्या काकाचं मंडप-साउंडचं काम होतं आणि आमचा शाळेचा माईक परिपाठाला हमखास शिट्टी मारायचा. २६ जानेवारीचा साउंड त्याच्याकडे दिला. रंगीत तालमीला शिट्टी आलीच, तो दोन मिनिटं बघत राहिला, मग मागचा भोंगा उचलून माईकच्या पुढे नेऊन ठेवला, आवाज थोडा कमी केला. शिट्टी बंद. मी 'शाब्बास' म्हणालो नाही, विचारलं, का बंद झाली? तर त्याने सांगितलं की भोंग्याचा आवाज परत माईकमध्ये शिरत होता. पोरं पोकळ कौतुकाला फसत नाहीत हे एरिकसननेही लिहून ठेवलंय. म्हणून मला वाटतं, काम खरं हवं आणि चुकलं तर ते सगळ्यांना ऐकू येईल असं हवं.

इथे मी दुसरी चूक केली. वर्गात जाहीर केलं, "आपला गण्या साउंड इंजिनीअर होणार!" पोराचा चेहरा पडला. एक लेबल काढून मी दुसरं चिकटवलं होतं.

हे नीट कळलं जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञामुळे. त्याने १९६६ मध्ये एरिकसनची कल्पना दोन प्रश्नांवर आणली: पर्याय धुंडाळलेत का, आणि काही ठरवलंय का? न धुंडाळताच ठरवलं असेल तर ती उसनी ओळख. आमच्या वर्गातली पहिली येणारी मुलगी चौथीपासून 'डॉक्टर' म्हणते. तिला एकदा सहज विचारलं, मधे कधी दुसरं काही मनात आलं होतं का? ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "असं विचारायचं असतं का सर?" तेराव्या वर्षी हा काही आजार नाही, त्यामुळे तिला हलवायला जाऊ नये, फक्त दार उघडं ठेवावं. शिवाय मार्सियाने मुलाखती घेतल्या त्या कॉलेजातल्या तरुणांच्या, त्यामुळे त्याचे शिक्के आठवीच्या रजिस्टरात मारू नयेत. वयाचे आकडेही मागेपुढे होतात. आणि पोर जेवण-झोप सोडून आठवडेच्या आठवडे गप्प असेल किंवा मरण्याची भाषा करत असेल तर टप्पे बाजूला ठेवून घरच्यांना आणि डॉक्टरला लगेच गाठायचं, तिथे मेंटरिंग चालत नाही.

गण्या आता नववीत आहे. गणितात अजून काठावरच आहे. परवा विचारलं सध्या काय चाललंय, तर म्हणाला, साउंडचा कंटाळा आला सर, कबड्डीत नाव दिलंय. मी बरं म्हटलं आणि माईकची चावी परत घेतली.