जीबी वेगळे, एमबीपीएस वेगळे: सामायिक वाय-फायचं भाडं नेमकं कशावर वाटायचं?

छोट्या इमारतीत सामायिक वाय-फायची नोटीस लागली की खाली कोणीतरी हमखास पेनाने लिहितं, "जो जास्त वापरेल त्याने जास्त द्यावं." ऐकायला न्यायाचं वाटतं. पण "जास्त वापर" म्हणजे नेमकं काय, हे कोणी लिहीत नाही, आणि पुढचे सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

जीबी सगळ्यांना ठाऊक आहेत. महिन्यात किती डेटा उतरवला याचा तो आकडा, फोनच्या रिचार्जमुळे तोंडपाठ झालेला. एमबीपीएस म्हणजे एका सेकंदाला लाइनीतून किती जातं. त्यातला "बी" बिटचा, बाइटचा नव्हे, म्हणून आठाने भागायचं. हा घोळ किरकोळ आहे.

खरा घोळ असा: अमर्याद डेटाच्या लाइनीचं भाडं जीबीवर ठरतच नाही, ते वेगावर ठरतं. आणि वेगाची टंचाई महिनाभर नसते, रात्री नऊच्या सुमारास असते.

सहा घरं आणि ३०० एमबीपीएसची एक लाइन धरा. एका घरातला विद्यार्थी महिन्याला ६०० जीबी उतरवतो. आकडा ऐकून शेजाऱ्यांच्या भुवया उंचावतात. पण ६०० जीबी म्हणजे ४८०० गिगाबिट, आणि तीस दिवसांत सुमारे २६ लाख सेकंद. सरासरी काढली तर दोन एमबीपीएससुद्धा भरत नाही. त्याने पहाटे तीनला १०० जीबी उतरवले तर लाइन पाऊण तास भरलेली राहील आणि झोपलेल्या पाच घरांना त्याचा पत्ताही लागणार नाही. याउलट दुसऱ्या घरात महिन्याला जेमतेम ४० जीबी लागतात, पण रोज रात्री नऊला तिथले दोन फोन फोटो आणि व्हिडिओ वर चढवू लागतात. अपलोडची बाजू बहुतेक लाइनींवर अरुंद असते. ती भरली की बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल तुटतात. जीबीच्या हिशेबात हे घर सगळ्यात गरीब, आणि त्रास सगळ्यात जास्त त्याचाच. जीबीवर वाटणी केली तर विद्यार्थ्याला त्याच्या पंधरापट भुर्दंड बसेल. ही वाटणी मला साफ नामंजूर आहे.

अडचण कोणती, हे ओळखणं सोपं आहे. लाइन मोकळी असताना एकदा आणि कॉल तुटत असताना एकदा, केबल लावलेल्या संगणकावर हे चालवा:

```
ping 8.8.8.8
```

एरवी वीस-तीस मिलिसेकंद दिसतात आणि गर्दीत आकडा काहीशेवर गेला, तर लाइनीत रांग लागली आहे. केबलवर आकडा शांत असेल आणि फक्त वाय-फायवर उसळत असेल, तर दोष भिंतींचा किंवा राउटरच्या जागेचा आहे. तिथे मोठा प्लॅन घेऊन काहीही सुधारत नाही.

म्हणून वाटणी व्हावी ती गर्दीच्या वेळच्या हमीची. प्रत्येक घराने आपला हिस्सा आधीच निवडायचा. समजा चार घरांनी एकेक घेतला आणि दोघांनी दोन-दोन, तर एकूण आठ हिस्से. लाइन पूर्ण ३०० वर न ठेवता मुख्य राउटरवर २८५ ला बांधायची, म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते. मग एका हिश्शाला ३५ एमबीपीएसची हमी, दोनला ७०. बेरीज २८०, आत बसते. भाड्याचेही आठच भाग. मिक्रोटिकच्या राउटरवर २८५ ची एक मुख्य रांग करून प्रत्येक घराची रांग तिच्याखाली ठेवायची, नाहीतर हमी लागूच होत नाही. घराच्या रांगेत हमीचा आकडा `limit-at` मध्ये जातो आणि कमाल मर्यादा `max-limit` मध्ये. कमाल मर्यादा सगळ्यांना २८५ च द्या, म्हणजे शेजारी झोपलेले असताना पूर्ण लाइन कोणालाही वापरता येते. अपलोडचे आकडे वेगळे मोजून वेगळे भरायचे. हे विसरलात तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाते.

यासाठी प्रत्येक घरात स्वतःचा छोटा राउटर हवा आणि मुख्य राउटरपासून तिथवर केबल. मग मुख्य राउटरला एक घर म्हणजे एकच पत्ता दिसतो, घरात दहा फोन असले तरी. सहा घरांना एकच पासवर्ड वाटणं मला अजिबात पटत नाही: हिस्से मोजता येत नाहीत, आणि एकाचा टीव्ही दुसऱ्याच्या फोनवर दिसू लागतो.

प्लॅनला महिन्याची डेटामर्यादा असेल आणि ती ओलांडल्यावर वेग पडत असेल, तर मात्र जीबी खरोखर संपणारी वस्तू होते आणि त्यांचा हिशेब ठेवावाच लागतो. आणि काही सेवादार घरगुती जोडणी अनेक घरांत वाटू देत नाहीत, तेव्हा करार आधी वाचा. जोडणी ज्याच्या नावावर, जबाबदारीही त्याच्यावर येते.

नोटिशीतला मजकूर एवढा पुरे: "प्रत्येक घराने एक किंवा दोन हिस्से निवडून कळवावेत. मासिक भाडं हिश्शांप्रमाणे. मुख्य राउटर आणि केबलचा एकवेळचा खर्च सर्व घरांत समान. घरातला राउटर ज्याचा त्याने घ्यावा. हिस्सा बदलायचा असल्यास महिनाभर आधी लेखी कळवावं."