ईपीएस पेन्शन 58 च्या आधी घ्यावी का? पेन्शनचा 10-डी अर्ज भरण्यापूर्वी हा हिशेब करा

पीएफचे फॉर्म भरून द्यायला बसलो की आठवड्यातून एकदा तरी हाच प्रश्न येतो: "आत्ता कमी पेन्शन घेतली, तर 58 पूर्ण झाल्यावर ती वाढून पूर्ण होईल ना?" नाही होत. मंजूर झालेली रक्कम तीच राहते. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ताही नाही.

कर्मचारी पेन्शन योजना 1995, म्हणजे ईपीएस, यात पेन्शनचं वय 58 आहे. दहा वर्षांची सेवा झाली असेल (साडेनऊ वर्षं दहा धरतात) आणि नोकरी सुटली असेल, तर पन्नाशीनंतर कधीही कमी केलेली पेन्शन मागता येते. 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांचे दरसाल 4 टक्के कापले जातात. कारण सरळ आहे: पैसे जास्त वर्षं द्यावे लागणार, म्हणून महिन्याचा हप्ता लहान.

एक उदाहरण घेऊ. ऑक्टोबर 2014 नंतर नोकरीला लागलेला, 11 वर्षं सेवा झालेला, 54 व्या वर्षी काम सुटलेला माणूस. पेन्शनयोग्य पगार 15,000 रुपये, तीच सध्याची कमाल मर्यादा. पगार गुणिले सेवा भागिले 70, म्हणजे 2,357 रुपये. ही 58 व्या वर्षाची पेन्शन. 54 ला घेतली तर 16 टक्के कमी, साधारण 1,980. (2014 च्या आधीची सेवा असेल, तर त्या काळासाठी 6,500 ची मर्यादा लागते आणि आकडा खाली येतो. यूट्यूबवरचे हिशेब हे विसरतात.)

आता तोटा किती? चार वर्षांत लवकर घेणाऱ्याच्या हातात 95,000 च्या आसपास पडतात. त्यानंतर दर महिन्याला 377 रुपये कमी. ते 95,000 फिटायला 21 वर्षं लागतात, म्हणजे वय 79. व्याज धरलं तर आणखी पुढे. तेव्हा "लवकर घेतली म्हणजे बुडालो" असं मी कुणाला सांगत नाही. घरात दुसरी मिळकत नसेल आणि औषधपाणी चालू असेल, तर घ्यावी.

पण दोन गोष्टी या हिशेबात दिसत नाहीत. पेन्शनधारक गेल्यावर पत्नीला त्याला मिळत असलेल्या पेन्शनच्या निम्मी मिळते, म्हणजे कपात तिच्याही वाट्याला येते. पत्नी वयाने बरीच लहान असेल तर हे आधी पाहा. दुसरं, एकदा ही पेन्शन सुरू झाली की पुढे कुठे नोकरी लागली तरी ईपीएसमध्ये पुन्हा सेवा जमा होत नाही. 54 व्या वर्षी परत काम मिळण्याची आशा असेल, तर थांबलेलं बरं. सेवेचं एक वर्ष वाढलं की वरच्या हिशेबात महिन्याला 214 रुपये वाढतात. कपात टळते ती वेगळीच.

58 नंतरही 60 पर्यंत थांबता येतं, पूर्ण वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. वर्गणी न भरता नुसतं थांबलात, तर एका वर्षाचे सोडलेले पैसे परत यायला 25 वर्षं लागतात. नोकरी चालू असेल आणि वर्गणी सुरू ठेवली तर चित्र बदलतं: 12 वर्षं सेवा, त्यावर 4 टक्के, म्हणजे 2,674. मात्र मालकाच्या हिश्श्यातले महिन्याचे 1,250 पीएफऐवजी पेन्शन खात्यात जातात. तेही धरलं तर भरपाई साधारण सत्तरीत होते.

थांबायचं ठरलं तर पीएफ अडकत नाही. फॉर्म 19 ने पीएफ काढा, पेन्शनला धक्का लागत नाही. सेवेचा दाखला हवा असेल तर 10-सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या. पीएफसोबत पेन्शनचाही फॉर्म भरावाच लागतो असं समजून गडबडीत 10-डी भरणारेही पाहिलेत मी. 10-डी म्हणजे पेन्शन सुरू करण्याचा अर्ज.

लवकर पेन्शन घ्यायचीच असेल, तर 10-डी मध्ये कमी केलेली पेन्शन कधीपासून हवी ती तारीख मागतात. बरेच जण नोकरी सोडल्याची तारीख टाकतात आणि कपात उगाच वाढवून घेतात. रकाना नीट वाचा, पुढची तारीख टाकता येते.

बाकी अर्ज परत येतात ते तीन कारणांनी. जुन्या कंपनीची सेवा आताच्या खात्याशी जोडलेलीच नसते, मग दहा वर्षं भरत नाहीत. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नसते. आणि आधारवरची जन्मतारीख पीएफच्या नोंदीशी जुळत नाही. तारखेतला हा फरक पेन्शनचं वयच बदलतो, म्हणून साहेब फाईल पुढे सरकवतच नाहीत. ही दुरुस्ती आधी करा. बँक पासबुक आणि जोडीदारासोबतचा फोटो मग एका दिवसात जमतो.