दीडशे वेळा जाळं टाकूनही घोळ मासा का मिळत नाही?

"मामा, दीडशे वेळा जाळा टाकलंय, घोळ काय गावूक नाय. आता गावतलीच!" वेंगुर्ल्याचा माझा भाचा मोबाईलवर मासेमारीचा खेळ खेळता खेळता म्हणाला. हा खेळ त्याच्या मित्राने स्वतः बनवलेला. "आता गावतलीच", म्हणजे आता मिळणारच, हा समज सगळीकडे ऐकू येतो, म्हणून त्यामागचं गणित सांगतो.

असल्या खेळात बक्षिसांचा एक तक्ता असतो आणि प्रत्येक वस्तूला वजन दिलेलं असतं. या खेळात बांगडा 600, तारली 280, सुरमई 100 आणि घोळ 20, म्हणजे एकूण 1000. जाळं टाकलं की संगणक 1 ते 1000 मधला एक आकडा काढतो आणि तो ज्याच्या वाट्यात पडेल तो मासा मिळतो. घोळ मिळण्याची शक्यता झाली 2 टक्के. मागच्या खेपा आकड्याला आठवत नाहीत, त्यामुळे 151व्या खेपेलाही शक्यता तेवढीच, 2 टक्के. रात्री बाराला जाळं टाका, हमखास मिळेल, असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. त्यावर विश्वास ठेवू नका. या तक्त्यात घड्याळाला जागाच नाही.

घोळीसाठी सरासरी 50 खेपा लागतात. पण सरासरीच्या आड बरंच काही दडतं. एका खेपेला न मिळण्याची शक्यता 0.98, ती 150 वेळा गुणली की 0.048 उरते. हजार मुलं खेळत असतील तर त्यातली सुमारे 48 दीडशे खेपांनंतरही रिकाम्या हाती असतील. भाचा त्या 48 पैकी एक. खेळात कुठेही चूक नाही, तरी ही मुलं खेळ सोडून जातात.

यावर उपाय म्हणजे पिटी टायमर. प्रत्येक खेळाडूच्या रिकाम्या खेपा मोजायच्या आणि ठरावीक आकड्याला घोळ द्यायचीच. मित्राने आधी 100वी खेप हमखास केली. त्यात दोन गोष्टी बिघडल्या. सरासरी 50 वरून 43 वर आली, म्हणजे घोळ ठरवल्यापेक्षा स्वस्त झाली. शिवाय शंभरातल्या 13-14 जणांना ती नेमकी शंभराव्याच खेपेला मिळू लागली. नव्वदीत पोचलेला मुलगा मग जाळं टाकत नाही, एसटीची वाट पाहावी तसा आकडे मोजत बसतो.

मला मनापासून आवडते ती युक्ती वेगळी आहे: हमखास खेपेची भिंत उभी न करता चढण बांधायची. मूळ शक्यता 1 टक्क्यावर आणायची, 57 खेपा ती तशीच ठेवायची आणि 58व्या खेपेपासून दर खेपेला एकेक टक्का वाढवत न्यायची.

```
w = 10 if n < 58 else 10 + 10*(n - 57)
```

इथे `n` म्हणजे कितवी खेप आणि `w` म्हणजे घोळीचं वजन. घोळ मिळाली की मोजणी पुन्हा 1 पासून सुरू. सरासरी काढून पाहिली तर ती पुन्हा 50च येते! सगळ्यांना मिळून घोळ पूर्वीइतक्याच वाटल्या जातात, फक्त कमनशिबी कोणी फार मागे राहत नाही. सरळ 2 टक्क्यांवर 80 खेपांनंतर शंभरातले 20 जण रिकामे राहत होते, आता जेमतेम दोन राहतात. आणि पुढचं जाळं कधी भरेल हे चढणीवरही कुणाला नक्की सांगता येत नाही, म्हणून धडधड टिकते.

गेन्शिन इम्पॅक्ट या खेळात दुर्मिळ पात्र मिळण्याचे जाहीर आकडे याच नजरेने वाचा. मूळ शक्यता 0.6 टक्के, 90व्या खेपेला हमी, एकूण सरासरी 1.6 टक्के. नुसत्या हमीने हिशेब 1.43 च्या आसपासच जातो. उरलेला फरक सांगतो की आत कुठेतरी चढण आहे.

एक चूक मात्र हमखास होते. घोळीचं वजन वाढवताना बांगड्याचं तेवढंच कमी करायचं राहून जातं. मग एकूण 1000 राहत नाही, आणि 20 टक्के हवे तिथे 17 सुद्धा पडत नाहीत. ही चूक डोळ्यांना दिसत नाही. कोटीभर खोट्या खेपा संगणकाकडून टाकून घ्या आणि कितव्या खेपेला घोळ मिळाली याचा आलेख काढा. सरासरी 50 च्या वर सरकली तर वजनं तपासा. एकाच आकड्यावर उंच खांब दिसला तर कुठेतरी भिंत राहून गेली आहे.

चढणीची किंमतही मोजावी लागते. पहिल्या दहा खेपांत घोळ मिळण्याची शक्यता 18 टक्के होती, ती साडेनऊवर येते, आणि नव्या मुलाला सुरुवातीलाच लागणारी लॉटरी निम्मी होते. म्हणून मित्राने सुरमईचं वजन 100 वरून 150 केलं आणि बांगड्याचं 50 ने उतरवलं. आता साधारण सातव्या खेपेला सुरमई लागते. भाच्याला परवा 63व्या खेपेला घोळ मिळाली.