पोकलेन हळू चालते की तिचा जोर कमी झालाय?

मे महिन्यात शेततळ्याच्या कामावर पोकलेन अडली, की ऑपरेटर म्हणतो, "मशीनमध्ये दम नाही." मिस्त्री येतो, रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू अर्धा फेरा आवळतो आणि निघून जातो. दुपारी मशीन पुन्हा तशीच. कारण 'दम नाही' या एकाच तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. बूम, म्हणजे मशीनचा मुख्य मोठा हात, वर जायला वेळ लागतो, ही फ्लोची, म्हणजे तेलाच्या प्रवाहाची तक्रार. बूम झटकन जातो, पण मुरुमात दात रुतले की बूमला जोडलेला पुढचा हात, म्हणजे आर्म, थांबतो, ही प्रेशरची तक्रार.

पंप प्रेशर तयार करतो, हा समज सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला समोरून अडथळा आला की प्रेशर चढतं. रिकामी बकेट हवेत हलवताना ते कमी असतं, कडक थरात वाढत जातं, आणि शेवटी मेन रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं तेल टाकीत सोडतो. म्हणून मिनिटाला किती लिटर तेल येतं यावर वेग ठरतो, आणि किती प्रेशर चढू दिलं जातं यावर जोर.

20 टनी मशीन घ्या. बूमला दोन सिलिंडर, आतला व्यास 120 मिमी धरू. दोन्ही पिस्टनचं मिळून क्षेत्रफळ सुमारे 226 वर्ग सेंमी. रिलीफ 350 किलो प्रति वर्ग सेंमीला सेट असेल, तर सिलिंडरचा जोर साधारण 79 टन. (हा जोर बूमच्या मुळाजवळ लागतो, बकेटपर्यंत तो बराच कमी होतो.) दोन्ही पंपांचं मिळून 400 लिटर तेल येत असेल आणि स्ट्रोक 130 सेंमी असेल, तर सुमारे 29 लिटर भरायला साडेचार सेकंद लागतात.

आता पंप झिजून 300 लिटरच देऊ लागला, तर तेवढ्याच स्ट्रोकला सहा सेकंद लागतील. जोर मात्र तोच राहू शकतो. उलट रिलीफ 280 वरच उघडू लागला, तर जोर 63 टनांवर येईल, पण रिकामी बकेट पूर्वीइतकीच चपळ दिसेल. स्क्रू आवळून वेग वाढत नाही, तो यासाठी.

एक गोष्ट मात्र बिघाड समजू नये. पूर्ण प्रेशर आणि पूर्ण फ्लो एकाच वेळी द्यायला या मशीनच्या इंजिनाला दुप्पट ताकद लागली असती. म्हणून प्रेशर चढलं की रेग्युलेटर पंपाचं तेल आपोआप कमी करतो. कडक मुरुमात आर्म संथ होणारच. वेग मोजायचा तर रिकामी बकेट हवेत हलवून, इंजिन पूर्ण आरपीएमवर आणि तेल गरम असताना घड्याळ लावायचं, आणि आकडा कंपनीच्या पुस्तकाशी ताडायचा.

जोर तपासायला गेज लागतंच. पंपाच्या टेस्ट पोर्टला 600 बारचं गेज लावा, बूम पूर्ण वर नेऊन लिव्हर तीन-चार सेकंद तसाच धरा. जास्त धरलं तर तेल उगाच तापतं. मग आर्म आणि बकेटचंही तसंच बघा. तिन्हींचं प्रेशर कमी आलं तर संशय मेन रिलीफ किंवा पंपावर. फक्त आर्म आत घेतानाच कमी आलं, तर आर्मचा पोर्ट रिलीफ, म्हणजे फक्त आर्मच्या लाइनवरचा रिलीफ व्हॉल्व्ह, किंवा आर्म सिलिंडरचं सील. गेज न लावता स्क्रू आवळला, तर प्रेशर 400 च्या वर गेलेलं कळतही नाही. कळतं ते होज फुटल्यावर.

गेज बरोबर आणि तरी मशीन हळू, तर पंपावर हात टाकण्याआधी पायलट प्रेशर बघा. लिव्हरमधलं तेल साधारण 35 ते 40 बारचं असतं आणि तेच कंट्रोल व्हॉल्व्हमधला तेलाची वाट उघडणारा दांडा, म्हणजे स्पूल, सरकवतं. पायलट फिल्टर चोंदला की स्पूल अर्धवट उघडतो. पंप चांगला असूनही सिलिंडरपर्यंत तेल पोचत नाही.

सकाळी ठीक आणि दुपारी दोननंतर ढिली, हे दुखणं फ्लो आणि प्रेशर या दोन्हींत बसत नाही असं वाटतं, पण ते बहुतेक वेळा झिजलेल्या पंपाचं असतं. तेल पातळ होतं आणि पिस्टनच्या फटीतून जास्त गळतं. प्रेशर जितकं चढेल तितकी गळती वाढते, म्हणून वेगही जातो आणि शेवटी जोरही. यवतमाळ-चंद्रपूरच्या उन्हात हे लवकर दिसतं. मात्र आधी ऑइल कूलरच्या जाळीतली धूळ झाडून बघा. तरी फरक नसेल, तर पंपाच्या केस ड्रेनचा, म्हणजे पंपात गळलेलं तेल टाकीत नेणारा पाइप सोडून, गरम तेलावर लोड देऊन, मोजून घेतलेल्या भांड्यात मिनिटाला किती तेल येतं ते पाहा. कंपनीच्या मर्यादेच्या वर गेलं तर पंप उघडावा लागेल. तिथे स्क्रू आवळून काही होणार नाही.