पडद्यावरचा निळा कागदावर जांभळा का होतो?

काही वर्षांपूर्वी पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचं व्हिजिटिंग कार्ड मी केलं होतं. त्यांचा रंग ठरलेला होता : #1E50FF. म्हणजे लाल ३०, हिरवा ८० आणि निळा पूर्ण २५५. मोबाइलवर हा रंग अगदी झगझगीत दिसायचा. हजार कार्डं छापून आली, मालकांनी खोका उघडला आणि मला फोन केला. "अहो, पाण्याचा धंदा आहे आमचा. वांग्यांचा नाही."

चूक छापखान्याची नव्हती, माझी होती. पडद्याचे लाल-हिरवा-निळा हे आकडे म्हणजे आरजीबी, आणि छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शायांचे टक्के म्हणजे सीएमवायके. सॉफ्टवेअरमध्ये आरजीबीचं सीएमवायके करायचं बटण मी दाबलं, आलेले आकडे तसेच पुढे पाठवले. तेव्हापासून निळ्या रंगाच्या बाबतीत मी त्या बटणावर भरवसा ठेवत नाही.

रंग थोडा फिका पडणार हे तर अटळच होतं. पडदा स्वतः प्रकाश फेकतो. कागदाकडे स्वतःचा प्रकाश नसतो. खोलीतल्या पांढऱ्या उजेडातला नको तो भाग शाईने गिळायचा आणि उरलेला डोळ्यांकडे परत पाठवायचा, एवढंच त्याला जमतं. या चार शायांत निळा ही वेगळी शाई नाही. आकाशीसर सायन आणि गुलाबीसर मॅजेंटा एकमेकांवर चढवून तो करावा लागतो. सायनने फक्त लाल प्रकाश गिळावा आणि मॅजेंटाने फक्त हिरवा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात दोन्ही शाया अधाशी आहेत. त्या थोडा निळा प्रकाशही गिळून बसतात, म्हणून दोन्ही एकत्र आल्या की रंग काळवंडतो.

पण फिका किंवा काळपट होणं वेगळं आणि जांभळा होणं वेगळं. जांभळेपणाचं मूळ बरंचसं गणितात आहे.

आरजीबी आणि सीएमवायके यांच्यामध्ये सॉफ्टवेअर एक दुभाषा वापरतं. त्याचं नाव लॅब. १९७६ साली ठरलेल्या या पद्धतीत प्रत्येक रंगाला तीन आकडे मिळतात. पहिला उजळपणाचा. दुसरा, 'ए', हिरव्यापासून लालपर्यंतचा. तिसरा, 'बी', निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा, आणि तो जितका उणे तितका रंग निळा. आमच्या त्या रंगाचे आकडे साधारण असे होते : उजळपणा ४१, ए ३८, बी उणे ९२. चांगल्या आर्ट पेपरवर ऑफसेटच्या चार शायांनी बी उणे ५० च्या आसपासच थांबतो. म्हणजे निम्मा रस्ता कापल्यावर पूल संपतो.

मग सॉफ्टवेअर काय करतं? रंगाची जात बदलू नये म्हणून ए आणि बी यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जपत ते रंग आत ओढतं. दोन्ही निम्मे केले तर ए १९ आणि बी उणे ४६. गंमत बघा, सायन आणि मॅजेंटा दोन्ही शंभर टक्के एकावर एक छापले की मिळणारा गडद रंग जवळजवळ याच दिशेला असतो. गणिताच्या हिशोबाने रंगाची जात तीच राहिली. आपल्या डोळ्यांचा हिशोब मात्र वेगळा आहे. निळ्याच्या कोपऱ्यात लॅब वाकडं चालतं : झगझगीत निळ्याचा भडकपणा त्याच रेषेवरून कमी करत आणला, की डोळ्याला तो हळूहळू जांभळा दिसायला लागतो. इतर रंगांत हा दोष एवढा जाणवत नाही, निळ्यात तो उठून दिसतो.

म्हणून तिथून पुढचं काम हाताने करावं लागतं, आणि ते सोपं आहे : मॅजेंटा कमी करायचा. नुसत्या वजाबाकीच्या सूत्राने आमच्या रंगाचं सायन ८८, मॅजेंटा ६९, पिवळा ०, काळा ० असं उत्तर येतं. दोघांत अंतर फक्त १९ चं. छपाईतल्या लोकांचा जुना ठोकताळा सांगतो की निळा निळाच राहायला हवा असेल, तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी ठेवा. दुसऱ्या खेपेला मी सायन शंभरवर नेऊन कायम ठेवला आणि मॅजेंटाचे पाच चौकोन केले : ८०, ७०, ६०, ५०, ४०. पिवळा आणि काळा शून्य. निळ्यात पाच टक्के पिवळा चुकून राहिला तरी रंग मळकट दिसतो, त्यामुळे हे शून्य खरोखर शून्य आहे ना, ते बघावं.

ही पट्टी ज्या कागदावर काम छापायचं त्याच कागदावर काढून घेतली आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी नेऊन पाहिली. पिवळ्या बल्बखाली निळा रंग ठरवू नये. ८० चा चौकोन वांगंच होता. ७० वर अजून शंका होती. ४० वाला आकाशी वाटला. मालकांनी ६० वर बोट ठेवलं. पडद्यावरचा झगझगाट त्यात नव्हताच, पण त्यांना त्याची आठवणही झाली नाही. डोळा भडकपणातली तूट चालवून घेतो. रंगाची जात बदललेली मात्र त्याला लगेच कळते.

छापलेल्या कार्डावर भिंग धरलं तर हे सगळं उघडं दिसतं. १०० टक्के सायन हा सपाट थर असतो, आणि त्यावर मॅजेंटाचे ठिपके ओळीने बसलेले असतात. पहिल्या कार्डात ते ठिपके इतके फुगलेले होते की मधली सायनची जागा अरुंद झाली होती.

आता एक सापळा. इतक्या मेहनतीने ठरवलेले आकडे पीडीएफ करताना सॉफ्टवेअर पुन्हा बदलू शकतं. इनडिझाइनमध्ये पीडीएफ काढताना `Convert to Destination (Preserve Numbers)` हा पर्याय निवडला, तर आकडे बहुतेक वेळा जसेच्या तसे राहतात. नुसता `Convert to Destination` राहिला आणि फाइलचं प्रोफाइल, म्हणजे कोणत्या आकड्यांचा रंग कागदावर कसा दिसेल याची नोंद, छापखान्याच्या प्रोफाइलपेक्षा वेगळं असलं, तर १००-६०-०-० चं होता होता त्यात थोडा पिवळा, थोडा काळा शिरतो. पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडून `Output Preview` मध्ये रंगावर कर्सर नेला की खरे आकडे दिसतात. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मी ते आता दर वेळी करतो.

दुसरी अडचण व्हिजिटिंग कार्डांपुरती. स्वस्त कार्डं गँग जॉबमध्ये छापतात, म्हणजे एकाच मोठ्या शीटवर वीस जणांची कार्डं शेजारी शेजारी. तुमचा निळा सुधारायला ऑपरेटरने मॅजेंटा उतरवला, तर त्याच पट्ट्यातल्या मिठाईवाल्याचा लाल बिघडेल. त्यामुळे मशीनवर काही दुरुस्त होईल ही आशा तिथे ठेवू नये, फाइलच बरोबर हवी.

लेटरहेडची गोष्ट निराळी निघाली. ते मॅपलिथोवर होतं. या कागदावर लेप नसतो, शाई आत मुरते आणि तोच १००-६० थकलेला दिसतो. चार रंगांच्या खटपटीपेक्षा आम्ही तिथे एकच तयार निळी शाई वापरली, पँटोनच्या अनकोटेड पुस्तकातून, लेपाशिवायच्या कागदावरचे नमुने बघून निवडलेली. अशा शाईत रंगद्रव्यच निळं असतं, सायन-मॅजेंटाच्या भांडणाचा प्रश्न येत नाही. शिवाय लेटरहेडवर दुसरा रंग नव्हताच, तेव्हा चार प्लेटांऐवजी एका प्लेटमध्ये काम झालं आणि बिलही कमी आलं. कार्डासाठी हीच शाई पाचवी प्लेट ठरली असती. मालकांनी भाव विचारला आणि १००-६० वरच समाधान मानलं.